शेवटच्या पानावरचा शेरा

शहापूरच्या शाळेत माझ्या वर्गावर आलेल्या छात्राध्यापिकेचा परवा शेवटचा दिवस होता. तिच्या पाठाच्या वहीत शेवटचं पान मी लिहायचं होतं. आदल्या रात्री ते लिहायला बसले तेव्हा माझी स्वतःची १९९८ सालची पाठाची वही शेजारी उघडून ठेवली होती. तिच्या शेवटच्या पानावर माझ्या मार्गदर्शक बाईंचा शेरा आहे. त्यातली काही अक्षरं पुसट झाली आहेत, दोन शब्द तर पूर्ण गेले आहेत. ती अक्षरं माझ्या हातून गेली. कशी गेली, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी भंडाऱ्याला डी.एड. करत होते. दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालासाठी आम्हा सहा जणींना शहापूरला पाठवलं. तेव्हा भंडारा जिल्ह्यातच गोंदिया होता, आणि नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाला सगळे सहा नंबरचा रोड म्हणत. आता त्याचा नंबर त्रेपन्न झाला आहे. वर्गाची एक बाजू रस्त्याकडे होती. ट्रक गेला की बोलणं थांबवावं लागे आणि तो गेला की पुन्हा सुरू करावं लागे. मी मात्र थांबत नसे, आवाज वाढवत असे. माझा आवाज ट्रकच्या वर जातो याचा मला अभिमान होता.

अभिमान वाटावा अशा आणखीही गोष्टी माझ्याजवळ होत्या. माझं फलकलेखन सुबक होतं. टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, मूल्यमापन, स्वाध्याय असे रकाने मी तांबड्या शाईने आखत असे. प्रत्येक प्रश्न आणि त्याचं अपेक्षित उत्तर आधीच लिहिलेलं असे. आमच्या डोक्यात हर्बार्टची पंचपदी पक्की बसवलेली होती आणि पाठ म्हणजे ती पाच पायऱ्यांची वाट पस्तीस मिनिटांत चालून जाणं, असं मी समजत होते. वाटेत मुलं कुठं असतात, हा प्रश्न मला पडला नव्हता.

बाई मागच्या बाकावर बसत. मुलांसमोर त्या मला 'मॅडम' म्हणत आणि मधल्या सुट्टीत 'बेटा'. पाठ चालू असताना त्यांची मान खाली असे, हात सारखा चालत असे. त्या काय लिहितात हे मी एकदाही विचारलं नाही. त्या कंटाळून आपलं दुसरं काम करत असतील असंच मला वाटायचं.

शेवटचा पाठ परिसर अभ्यासाचा होता, विषय 'आपला आहार'. डाळ, भात, भाजी यांची चित्रं मी दोन रात्री जागून केली होती. पाठ रंगला. मुलींनी फुलं दिली, एकीने रडून घेतलं. संध्याकाळी बाईंनी वही परत दिली. माझ्या मैत्रिणींच्या वह्यांमध्ये 'अतिशय उत्साही व गुणी छात्राध्यापिका', 'उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' असं लिहिलेलं होतं. माझ्या वहीत हे होतं:

"आज तू तेवीस प्रश्न विचारलेस. त्यातल्या चौदांची उत्तरं तूच दिलीस. नऊ उत्तरं मुलांची, त्यातली सात समोरच्या त्याच दोघांची. खिडकीजवळची रांग आज एकदाही बोलली नाही. तुझा आवाज शेवटपर्यंत पोचतो, तुझा फळा शेवटचं मूलही वाचू शकतं. आता एकच कर. प्रश्न विचारलास की मनात पाच मोज. त्या पाचात तू बोलू नकोस."

मी ते एसटी स्टँडवर उभ्या उभ्या वाचलं. माझे डोळे भरून आले, आणि ते अपमानाने आले होते. महिनाभर मी त्यांच्या वर्गासाठी जीव ओतला आणि त्यांनी शेवटच्या दिवशी माझ्या चुकांची मोजदाद हातात दिली, असं वाटलं. ही वही कॉलेजात जमा करायची होती. तक्ते चिकटवायला आम्ही कणकेची खळ शिजवत असू. त्या रात्री मी ते पान खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं. वरून तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. कॉलेजात कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाईंचे मी आभारही मानले नाहीत. पत्र लिहिलं नाही, पुढची बारा-तेरा वर्षं त्यांच्याकडे गेलेही नाही.

२००१ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून लागले. लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या बाजूचं गाव. तिसरीचा वर्ग, एकतीस मुलं. मी हातच्याची वजाबाकी शिकवत होते. फळ्यावर रीत लिहिली, पाच-सहा उदाहरणं स्वतः सोडवून दाखवली. प्रत्येक उदाहरणानंतर विचारलं, "समजलं का?" मुलं एका सुरात "हो" म्हणाली. आठवड्यानंतर चाचणी घेतली. त्यात एक उदाहरण ६३ वजा २८ होतं. एकतीसपैकी एकोणीस मुलांनी उत्तर ४५ लिहिलं होतं.

मी आधी रागावले. मग घरी त्या एकोणीस वह्या पसरून बघत बसले, तेव्हा दिसलं की चूक एकच आहे. तिनातून आठ जात नाहीत, म्हणून मुलांनी आठातून तीन काढून टाकले होते. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा. त्यांनी नियम पाळला होता, फक्त तो त्यांचा स्वतःचा नियम होता, आणि तो त्यांच्या मनात आहे हे मला आठवडाभर कळलं नव्हतं. कळणार कुठून? "समजलं का?" ला "हो" शिवाय दुसरं उत्तर मूल देत नाही. "तिनातून आठ कसे द्यायचे?" असा प्रश्न मी विचारला होता, पण एकाच दमात "शेजारून घ्यायचा, नाही का?" असं म्हणून मोकळी झाले होते.

त्या रात्री बाईंचा तो आकडा आठवला. तेवीस आणि चौदा.

वही पेटीत तळाशी होती. कव्हर काढलं, ओल्या फडक्याने पुठ्ठा भिजवला आणि अर्ध्या तासाने नखाने हळूहळू पान सोडवलं. वरचा कोपरा फाटला. 'खिडकीजवळची' या शब्दाची मधली अक्षरं पुठ्ठ्यालाच राहिली. 'मनात पाच मोज' हे मात्र स्पष्ट होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पाच मोजायला सुरुवात केली. ते किती अवघड आहे हे ज्याने केलं त्यालाच कळेल. दोनपर्यंत आलं की छातीत धडधडतं. वर्ग हातातून चालला असं वाटतं. तिसऱ्या आकड्याला मागचं एखादं पोरगं मान वर करतं. चौथ्याला त्याचे ओठ हलतात. तोपर्यंत मी दुसऱ्या आकड्याच्या आतच बोलत आले होते, म्हणजे ते पोरगं मान वर करायच्या आधीच.

पुढे कितीतरी वर्षांनी एका प्रशिक्षणात मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं नाव ऐकलं. त्यांनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून शिक्षक प्रश्नानंतर किती थांबतात हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. ते थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबत, जास्त मुलं बोलत, "माहीत नाही" कमी होई. मी साधनव्यक्तींना काही बोलले नाही. माझ्या बाईंनी हे कुठं वाचलं होतं की मागच्या बाकावर बसून स्वतःच शोधलं होतं, हा विचार मात्र दिवसभर डोक्यात होता. आमच्या डी.एड.च्या पुस्तकांत सूक्ष्म अध्यापनाची कौशल्यं होती. 'प्रश्न कौशल्य' होतं, 'उद्दीपन बदल' होतं. थांबण्याला कौशल्य म्हणून वेगळं पान असल्याचं मला आठवत नाही.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की मी सुधारले. वर्गापुरती सुधारलेही. पण दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती आणि ती मी कितीतरी वर्षं करत राहिले.

बदलीने मी शहापूरला आले. ज्या शाळेत शिकाऊ म्हणून उभी राहिले होते तिथेच आता मार्गदर्शक शिक्षिका झाले. दरवर्षी छात्राध्यापक येत. हा सराव आता लांबला आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी आंतरवासिता वीस आठवड्यांची केली. त्याआधी तो काळ लहान होता, तरी माणूस ओळखायला पुरेसा होता. मी मात्र त्यांच्या पाठांच्या वेळी मागे बसून शालेय पोषण आहाराची नोंदवही भरत असे, ऑनलाइन माहितीची कामं करत असे. शेवटच्या दिवशी वह्यांचा गठ्ठा समोर आला की एकेक उघडून लिहून देत असे.

एकदा एका अध्यापक विद्यालयात बैठकीला गेले होते. टेबलावर आमच्या शाळेतून गेलेल्या तिघांच्या वह्या मूल्यमापनासाठी उघड्या ठेवल्या होत्या. तिन्ही पानांवर माझं अक्षर होतं: 'मेहनती व होतकरू. विद्यार्थ्यांमध्ये मिसळून शिकवतात. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' तिन्ही वह्यांत शब्दन् शब्द तोच. त्यातल्या एका मुलाचा आवाज इतका बारीक होता की तिसऱ्या बाकापुढे जात नसे. एका मुलीला भागाकार स्वतःलाच येत नव्हता आणि ती तो पाठ टाळत आली होती. दोघांनाही मी 'शुभेच्छा' देऊन पाठवलं होतं. तो मुलगा आपल्या आवाजाबद्दल पुढं कुणाकडून ऐकणार होता? नोकरी लागल्यावर मागच्या बाकावर कुणी बसत नाही. केंद्रप्रमुख येतात, दप्तर तपासून जातात. शिकवताना आपल्याला पूर्ण तासभर बघणारं माणूस आयुष्यात त्या काही आठवड्यांपुरतंच मिळतं, आणि त्या आठवड्यांत मी नोंदवही भरत बसले होते.

तिथूनच मी बाईंचा पत्ता काढला. त्या निवृत्त होऊन भंडाऱ्यालाच राहत होत्या. मी गेले. त्यांना मी आठवत नव्हते. मी पानाबद्दल सांगितलं, खळीबद्दलही सांगितलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग आत जाऊन एक रजिस्टर घेऊन आल्या. त्यांच्या वर्गावर आलेल्या प्रत्येक छात्राध्यापकाची त्यात दोन-दोन पानं होती. माझीही होती.

पानाच्या डाव्या बाजूला बाकांचा नकाशा होता, बारीक चौकोन. ज्या मुलाने उत्तर दिलं त्याच्या चौकोनात टिंब. समोरच्या दोन चौकोनांत टिंबांची गर्दी, खिडकीकडची रांग कोरी. उजव्या बाजूला रेघोट्या होत्या. प्रश्नाला एक उभी रेघ, त्याचं उत्तर मीच दिलं तर त्या रेघेवर आडवी रेघ. महिनाभर चाललेला त्यांचा हात मला पहिल्यांदा दिसला.

खाली चार गोष्टी लिहिल्या होत्या. उत्तरं स्वतः देते. ट्रकवर ओरडते. चुकलेल्या मुलाकडे पुन्हा वळत नाही. स्वाध्याय घाईत सांगते.

मी विचारलं, "बाई, चार होत्या तर वहीत एकच का लिहिलीत?"

त्या म्हणाल्या, "चार लिहिल्या असत्या तर एकही घेतली नसतीस. पहिलीनंच बाकीच्या तीन सुटतील असं वाटलं म्हणून ती लिहिली."

आणि खरंच, थांबायला शिकल्यावर ट्रकवर ओरडणं आपोआप गेलं होतं. ट्रक जातो तेवढ्यात मुलं विचार करतात हे कळल्यावर त्या आवाजाचा रागही येईनासा झाला.

निघताना त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी लिहायला बसू नको बेटा. रोजचं रोज लिहून ठेव, शेवटी त्यातलं निवडून उतरव." मी नमस्कार केला. त्यांनी ते रजिस्टर मला देऊन टाकलं. मी नको म्हणाले, पण त्या म्हणाल्या, माझ्याकडे आता ठेवून काय करू. त्याच रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर मी पुढच्या छात्राध्यापकांचे नकाशे काढत आले आहे.

आता परवा गेलेल्या मुलीबद्दल.

ती ऑगस्टमध्ये आली. तिसरीवर वजाबाकीच होती. तिनं पहिल्या दिवशी फळ्यावर रीत लिहिली: वरचा आकडा लहान असेल तर शेजारून एक उसना घ्या. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा आधी ५२ वजा २७ ला ३५ लिहीत होता. रीत पाठ झाल्यावर त्याचं ते उत्तर बरोबर आलं आणि ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी त्यानं ५८ वजा २३ चं उत्तर २१५ लिहिलं. ती गोंधळली. मी तिला म्हटलं, त्यालाच विचार. त्यानं सांगितलं की उसना घ्यायचाच असतो. त्यानं पाचातून एक घेतला, आठाचे अठरा केले, अठरातून तीन जाऊन पंधरा उरले, ते पंधराच्या पंधरा लिहिले, आणि चारातून दोन जाऊन दोन. त्यानं रीत अगदी नीट पाळली होती. उसना कधी लागतो आणि तो येतो कुठून, हे त्या रितीत कुठंच नव्हतं. उत्तर बरोबर आलं म्हणून मूल शिकलं असं धरता येत नाही, ते पारखायला उसना न लागणारी दोन उदाहरणं मधे मधे घालावी लागतात. हे मी तिला सांगितलं, पण पुढचं तिनं स्वतः केलं.

दुसऱ्या सकाळी ती झाडूच्या काड्या घेऊन आली. दहा-दहाच्या जुड्या दोऱ्यानं बांधलेल्या, काही सुट्या. त्या मुलाच्या पुढ्यात पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि विचारलं, "यातून सत्तावीस मला दे." त्यानं दोन जुड्या दिल्या. मग दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबला. आणखी पाच हव्या होत्या. ती काही बोलली नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते. वर्ग गप्प होता. तो एकदा जुड्यांकडे बघे, एकदा तिच्याकडे. तिनं त्याच्याकडे न बघता काड्यांकडे बघितलं, हे मला फार आवडलं, कारण शिक्षिका रोखून बघत राहिली तर त्या शांततेची मुलाला भीती वाटते. अकराव्या सेकंदाला मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पेंढी सोडा लागते. पेंढी सोडल्याबिगर रोवता येते का?"

त्या आठवड्यात घरोघरी रोवणी चालली होती. बांधीत पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकतात, बाया वाकून एकेक पेंढी सोडतात आणि रोपं रोवतात, हे त्या मुलीनं रोज पाहिलेलं. तिसऱ्या रांगेतला मुलगा हसला. त्यानं एका जुडीचा दोरा दातानं ओढून सोडला. दहा काड्या मोकळ्या झाल्या. त्यातल्या पाच दिल्या, पाच उरल्या. शिवाय दोन जुड्या. "पंचवीस," तो म्हणाला. मग तिनं त्याला ५८ दिले आणि तेवीस मागितले. त्यानं दोऱ्याला हात लावला नाही. "आता काहून नाही सोडली?" तिनं विचारलं. "सुट्या हायेत न."

मी शेतकऱ्याच्या घरची. लहानपणी रोवणीला गेलेली. वीस वर्षं हातचा शिकवते आहे, आणि पेंढी मला कधी सुचली नव्हती. आमच्या वर्गात आता 'उसना' हा शब्द कुणी वापरत नाही, कारण उसनं घेतलेलं परत करावं लागतं आणि इथं कुणी काही परत करत नाही. मुलं 'पेंढी सोडली' म्हणतात.

तर तिच्या वहीतलं शेवटचं पान. रजिस्टरमध्ये तिच्या नावाखाली पाच गोष्टी होत्या. दोन रात्री मी त्यातली एक निवडत होते. जे लिहिलं ते असं:

"अकरा ऑगस्टनंतरच्या आठवड्यात तू एका मुलासमोर पाच जुड्या ठेवून अकरा सेकंद गप्प राहिलीस. मी घड्याळ बघत होते. त्या अकरा सेकंदांमुळे मागच्या मुलीला पेंढी सुचली आणि तिच्यामुळे मलाही. हे माझ्या वीस वर्षांत मला जमलं नव्हतं, त्यासाठी तुझे आभार.

एक गोष्ट पुढच्या शाळेत करून बघ. प्रश्नानंतर तू थांबतेस, पण उत्तरानंतर थांबत नाहीस. बरोबर उत्तर आलं की लगेच 'शाब्बास' म्हणतेस. तू शाब्बास म्हटलंस की बाकीच्यांना विचार करायचं कारण उरत नाही, सगळे पाट्या खाली ठेवतात. गेल्या तीन पाठांत मी हे सतरा वेळा टिपलं. उत्तर आल्यावरही दोन-तीन आकडे मोज आणि विचार, 'तू कसं काढलंस?' हे बरोबर उत्तराला विचार आणि चुकलेल्यालाही विचार. फक्त चुकलेल्यालाच विचारलंस तर पोरं ओळखतील की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, आणि गप्प होतील.

ज्याला उत्तर मुळातच माहीत नाही, त्याच्यापुढे नुसतं थांबून उपयोग नसतो. त्याच्या हातात काड्या दे, किंवा शेजारच्याशी बोलू दे. हे तुला मी सांगायला नको.

हे पान आवडलं नाही तर चिकटवून टाक. पण साध्या पाण्यानं सुटेल अशा खळीनं."

शेवटचं वाक्य मी लिहून खोडलं. पुन्हा लिहिलं. मग तिला समोर बसवून त्या वाक्याची गोष्ट सांगितली आणि ते तसंच राहू दिलं. तिनं पान तिथंच दोनदा वाचलं. 'सतरा' वर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे मला दाखवा ना, कुठं कुठं." आम्ही रजिस्टर उघडून बसलो. मी तिच्या वयाची होते तेव्हा हे विचारण्याचं मला सुचलंही नव्हतं.

निरोपाचं एक पथ्य आम्ही पाळतो. छात्राध्यापक जाणार हे मुलांना आठवडाभर आधी सांगतो. शेवटच्या दिवशी अचानक कळलं की लहान मुलं दुखावतात आणि नव्या माणसावर चिडून राहतात, हे मी पाहिलं आहे. शेवटच्या तासाला फुलं, गाणं झाल्यावर तिनं प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहायला सांगितली. 'आवडत्या मॅडम' असं लिहायचं नाही. आता मला काय येतं आणि अजून काय येत नाही, एवढंच. चिठ्ठ्या ती घेऊन जाणार नव्हती. उद्यापासून वर्ग पुन्हा माझा होता, म्हणून त्या माझ्यासाठी होत्या. कोण कुठपर्यंत आला आहे हे जाणाऱ्यानं राहणाऱ्याच्या हाती दिलं नाही तर मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सगळी गेल्यावर मी चिठ्ठ्या वाचल्या. तिसऱ्या रांगेतल्या मुलानं लिहिलं होतं, "मले ५२ मधून २७ येते. पेंढी सोडता येते. शून्य रायला का येत नाई."

मी काड्यांचा डबा काढला. मोजून चार जुड्या आत ठेवल्या आणि सुट्या काड्या एकूण एक बाहेर काढून कपाटात टाकल्या. सकाळी पहिल्या तासाला त्याला चाळीस द्यायचे होते आणि त्यातून अठरा मागायचे होते.